एक पुस्तक, चार शेजार

समजा, १९५०च्या दशकात भारतात फुफ्फुसांच्या क्षयरोगावर कसे उपचार होत, याविषयीचे एक पुस्तक ग्रंथालयात दाखल झाले आहे. ते कोणत्या कपाटात ठेवायचे? श्वसनाच्या विकारांत, न्यूमोनिया आणि दम्याच्या पुस्तकांजवळ? की क्षयरोगात, हाडांच्या क्षयाशेजारी? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण प्रत एकच आहे आणि तिला जागाही एकच मिळणार आहे.

ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेसाठी वर्गांकांच्या ओळी पाठ करतात, चिन्हे घोकतात, आवृत्त्यांची साले लक्षात ठेवतात. पण वर्गीकरणाच्या पद्धती एकमेकींपासून खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात त्या वरच्या प्रश्नापाशी. एका पुस्तकात विषयाचे तीन-चार पैलू असतील तर त्यांतला आधी कोणता धरायचा? जो पैलू आधी येतो त्याची पुस्तके एकत्र राहतात आणि जो मागे पडतो त्याची पुस्तके विखुरतात. म्हणून पद्धतींची तुलना करायची तर एकच पुस्तक घेऊन ते प्रत्येक पद्धतीत कोणाच्या शेजारी जाते, हे पाहावे. इथे तेच करू.

ड्यूई: आधी रोग, मग अवयव

मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली आपली दशांश पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा ती अवघ्या ४४ पानांची पुस्तिका होती. २०११ मध्ये आलेली तेविसावी आवृत्ती चार खंडांची आहे. मूळ कल्पना मात्र तीच राहिली: सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा, असे उतरत जायचे.

आपल्या पुस्तकासाठी ही उतरंड अशी लागते. 600 हे उपयोजित विज्ञान, 610 वैद्यक, 616 रोग, 616.9 मध्ये इतर रोग आणि 616.995 म्हणजे क्षयरोग. इथपर्यंतचा अंक कोष्टकात तयार मिळतो. फुफ्फुसांसाठी मात्र तो बांधावा लागतो. शरीररचनाशास्त्रात फुफ्फुसांचा अंक 611.24 आहे. त्यातले 611 नंतरचे 24 उचलायचे आणि 616.995 ला जोडायचे. मग उपचारांसाठी 06.

```
616.995           क्षयरोग
616.995 + 24      फुफ्फुसांचा क्षयरोग
616.99524 + 06    फुफ्फुसांच्या क्षयरोगावरील उपचार
616.9952406
```

हीच युक्ती शेजारच्या रोगालाही लागते. कर्करोगाचा अंक 616.994 आहे, त्याला तेच 24 जोडले की फुफ्फुसांच्या कर्करोगाचा 616.99424 तयार होतो. पण न्यूमोनिया 616.241 वर आणि दमा 616.238 वर, म्हणजे श्वसनसंस्थेच्या विकारांत बसतात. परिणामी छातीच्या विकारांचा डॉक्टर या कपाटांपाशी आला तर त्याला दमा आणि न्यूमोनिया एका ठिकाणी सापडतील, आणि फुफ्फुसांचा क्षय व कर्करोग यांसाठी बरेच पुढे जावे लागेल. उलट, क्षयरोग निर्मूलनाचे काम करणाऱ्या माणसाला सगळ्या अवयवांचा क्षय एका जागी मिळेल. ड्यूईने इथे रोगाला पहिला मान दिला आणि अवयवाला दुसरा.

‘भारत’ आणि ‘१९५०चे दशक’ हे दोन पैलू अजून उरलेच आहेत. ड्यूईत स्थळ जोडण्याची सोय आहे, पण अंक आधीच दहा आकडी झाला आहे. पुस्तकाच्या कण्यावर तो लिहायचा, कर्मचाऱ्याने तो वाचून पुस्तक परत जागेवर लावायचे, हे ध्यानात घेऊन बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये अशा ठिकाणी थांबतात.

स्थळ कसे जोडतात, हे सोप्या उदाहरणात पाहू: ‘महाराष्ट्रातील ऊसशेती’. ऊस 633.61. महाराष्ट्राचा अंक प्रदेशांच्या कोष्टकात 54792 असा आहे. या दोहोंमध्ये ‘आता पुढे प्रदेश येत आहे’ असे सांगणारा दुवा लागतो आणि तो म्हणजे 09.

```
633.61 + 09 + 54792  =  633.610954792
```

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक इथे होते. 09 विसरून 633.6154792 लिहिले जाते. दिसायला तो अंक व्यवस्थित वाटतो, पण 61 नंतरचा 5 आता प्रदेश सांगत नाही. तो उसाचाच एखादा पोटविषय असल्यासारखा वाचला जातो. चूक पकडण्याचा सोपा मार्ग म्हणजे अंक उजवीकडून कापत यायचे आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे का ते तपासायचे. 633.610954792 मधून 92 काढले की पश्चिम भारत उरतो, पुढे 7 काढला की भारत, सगळा प्रदेश आणि दुवा काढला की ऊस. प्रत्येक पायरीला आधीपेक्षा व्यापक विषय मिळाला, म्हणजे बांधणी बरोबर आहे.

यूडीसी: चिन्हांनी जोडलेले अंक

बेल्जियमचे पॉल ऑटले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ मध्ये जगातल्या सगळ्या प्रकाशनांची सूची करायला घेतली. पुस्तकेच नव्हेत, नियतकालिकांतले लेखही त्यांना हवे होते. इतक्या बारीक विषयांसाठी ड्यूईचे अंक अपुरे पडले, म्हणून त्यांनी ड्यूईच्या परवानगीने तीच पद्धत घेऊन तिच्यात जोडणीची चिन्हे घातली. त्यातून सार्वत्रिक दशांश वर्गीकरण, म्हणजे यूडीसी, उभे राहिले.

आपले पुस्तक यूडीसीत असे दिसते:

```
616.24-002.5-08(540)"195"

616.24     फुफ्फुसांचे विकार
-002.5     क्षयरोग
-08        उपचार
(540)      भारत
"195"      १९५०चे दशक
```

हा अंक ड्यूईच्या अंकाहून लांब आहे, पण वाचायला सोपा आहे. कंस दिसला की स्थळ, अवतरणचिन्ह दिसले की काळ. कोणता तुकडा कुठे संपतो, हे चिन्हच सांगते. त्यामुळे ड्यूईतली 09 विसरण्याची चूक इथे होऊच शकत नाही.

शेजार मात्र पूर्ण बदलला. इथे अवयव आधी आला आहे. न्यूमोनियाचा यूडीसी अंक 616.24-002 आहे आणि फुफ्फुसांचा क्षय 616.24-002.5. ही पुस्तके एकमेकांना खेटून उभी राहतात. ड्यूईच्याच मुळावर उभी असलेली ही पद्धत, पण याच विषयात तिने ड्यूईच्या उलट क्रम धरला. दोन पद्धतींची वर्गनावे सारखी आहेत म्हणून त्यांची कपाटेही सारखी असतील, असे गृहीत धरू नये ते यासाठी.

दोन स्वतंत्र विषयांचा संबंध दाखवायला यूडीसीत द्विबिंदू आहे. उसावरील किडींच्या लेखाला 633.61:632.7 असे लिहिता येते: ऊस आणि उपद्रवी कीटक. गरज वाटल्यास हाच अंक फिरवून 632.7:633.61 असाही दुसरा नोंदवता येतो, म्हणजे किडींच्या बाजूने शोधणाऱ्यालाही लेख सापडतो. कपाटात ही चैन परवडत नाही, सूचीत परवडते. म्हणूनच यूडीसी लेखसंग्रह आणि संशोधनसंस्थांच्या सूचींमध्ये अधिक शोभते.

द्विबिंदू वर्गीकरण: आधी तुकडे, मग अंक

शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: मोजक्या पट्ट्या आणि नटबोल्ट, त्यांच्या जोडणीतून हवी ती वस्तू. वर्गांकही असेच घडवावेत, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ड्यूईत आपण विचारतो, ‘या विषयाचा अंक कोष्टकात कुठे आहे?’ रंगनाथन विचारतात, ‘या विषयात कोणकोणते घटक आहेत?’ त्यांनी घटकांचे पाच मूलभूत प्रकार मानले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ. पुस्तक हाती आले की आधी त्याचा विषय या पाचांत फोडायचा, मग प्रत्येक घटकाचा अंक शोधायचा आणि ठरलेल्या क्रमाने जोडायचा. आपल्या पुस्तकाची फोड अशी:

```
L       वैद्यक (मुख्य वर्ग)
,45     फुफ्फुसे      व्यक्तित्व
;421    क्षयरोग      द्रव्य
:6      उपचार       ऊर्जा
.44     भारत        अवकाश
'N5     १९५०चे दशक   काळ

L,45;421:6.44'N5
```

N म्हणजे १९०० ते १९९९ हे शतक आणि त्यापुढचा 5 म्हणजे पन्नासचे दशक. पुस्तकाचा एकही पैलू सुटलेला नाही आणि तरी हा अंक यूडीसीच्या अंकापेक्षा आखूड आहे. अवयव इथेही आधी आहे, म्हणून शेजार यूडीसीसारखाच: फुफ्फुसांच्या इतर विकारांचा.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सहाव्या आवृत्तीच्या पद्धतीने हाच विषय L45:421:6 असा सुरू होतो. तिथे वैद्यकातील रोगाची गणना ऊर्जेत होते आणि पहिल्या घटकाआधी स्वल्पविराम येत नाही. वरचा अंक नंतरच्या, सातव्या आवृत्तीकडे जाणाऱ्या रूपातला आहे. भारतातल्या अनेक ग्रंथालयांनी सहावी आवृत्ती धरूनच काम केले आहे. म्हणून उत्तरपत्रिकेत असो वा कामावर, कोणती आवृत्ती वापरत आहोत हे आधी ठरवावे आणि एका अंकात दोन आवृत्त्यांची चिन्हे मिसळू नयेत. अंकात पहिला घटक सहाव्याच्या रीतीने आणि दुसरा सातव्याच्या रीतीने जोडलेला दिसला, की समजावे, मिसळ झाली आहे.

या पद्धतीची मर्यादा तिच्या तर्कात नाही, देखभालीत आहे. सातवी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि त्यानंतर नवी आवृत्ती निघाली नाही. ड्यूईची कोष्टके मात्र आजही ऑनलाइन सतत सुधारली जातात. नव्या विषयासाठी द्विबिंदू पद्धतीत अंक बनवता येतो, पण तो प्रत्येक ग्रंथालयाने आपापला बनवला तर दोन ग्रंथालयांचे अंक जुळत नाहीत.

लायब्ररी ऑफ काँग्रेस: बांधणी नाही, यादी

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहासाठी केलेली पद्धत वेगळ्या वाटेने जाते. तिथे विषयांच्या लांबलचक याद्या आहेत आणि अंक बहुतांशी तयार मिळतात. क्षयरोगासाठी RC306 पासून RC320.5 पर्यंतची जागा राखली आहे, श्वसनसंस्थेचे विकार त्याच RC मध्ये पण 705 च्या पुढे. म्हणजे शेजाराच्या बाबतीत ती ड्यूईच्या बाजूची.

साहित्यात मात्र ती ड्यूईहून अगदी वेगळी आहे. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह आणि त्यांचेच ‘नटसम्राट’ हे नाटक घ्या. ड्यूईत मराठी साहित्य 891.46. त्यापुढे प्रकार येतो: कवितेसाठी 1, नाटकासाठी 2, कथा-कादंबरीसाठी 3. म्हणून ‘विशाखा’ 891.461 वर आणि ‘नटसम्राट’ 891.462 वर. एकाच लेखकाची पुस्तके दोन कपाटांत गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत साहित्य सहसा भाषा, काळ आणि मग लेखक असे लावतात. तिथे त्यांची कविता आणि नाटक शेजारी राहतात. ‘नाटकांचे कपाट कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या वाचकासाठी ड्यूई बरी. एका लेखकाचा अभ्यास करणाऱ्यासाठी दुसरी.

तालिका: तुटलेला शेजार जोडणारी

कपाटातला क्रम कोणता तरी एक पैलू विखुरणारच. तो पुन्हा एकत्र आणण्याचे काम तालिकेचे. वर्गीकरण आणि तालिकीकरण हे अभ्यासक्रमात दोन वेगळे पेपर असले तरी दुसऱ्याचे काम पहिल्याने सोडलेल्या जागेतून सुरू होते.

रंगनाथन यांची शृंखला पद्धत हे नेमके दाखवते. वर्गांक ही कड्यांची साखळी मानायची आणि शेवटच्या कडीपासून मागे येत निर्देशी नोंदी करायच्या. L,45;421:6 या अंकातून अशा नोंदी निघतात:

```
उपचार, क्षयरोग, फुफ्फुसे    L,45;421:6
क्षयरोग, फुफ्फुसे           L,45;421
फुफ्फुसे, वैद्यक            L,45
वैद्यक                     L
```

दुसरी ओळ पाहा. कपाटात अवयवाला अग्रमान मिळाल्याने क्षयरोगाची पुस्तके निरनिराळ्या अवयवांत विखुरली होती. ‘क्षयरोग, फुफ्फुसे’, ‘क्षयरोग, हाडे’ या नोंदी मात्र तालिकेत ‘क्षयरोग’ या शब्दाखाली एकाखाली एक येतात. कपाटाने जे दूर केले ते तालिकेने जवळ आणले. ड्यूईच्या अंकावर हीच पद्धत लावली तर उलटे घडते: कपाट रोगाला एकत्र ठेवते आणि ‘फुफ्फुसे, क्षयरोग’ ही नोंद अवयवाच्या बाजूने दार उघडते.

लेखकाच्या बाबतीत हे काम नावाचे शीर्षक करते, आणि मराठीत ते जरा नाजूक आहे. अँग्लो-अमेरिकन तालिका संहितेची दुसरी आवृत्ती, म्हणजे एएसीआर-२, भारतीय नावांसाठी एकोणिसाव्या शतकाचा मध्य ही सीमा धरते. त्याआधीच्या व्यक्ती स्वतःच्या नावाखाली, म्हणून ‘तुकाराम’. नंतरच्या बहुधा आडनावाखाली, म्हणून ‘शिरवाडकर, वि. वा.’ पण शिरवाडकरांनी कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि नाटके स्वतःच्या नावाने. वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी लेखकाने जाणूनबुजून दोन नावे वापरली असतील तर दोन्ही शीर्षके ठेवावीत, असे ही संहिता सांगते. मार्क नोंदीत ते असे येईल:

```
082 04 $a 891.461 $2 23
100 0_ $a कुसुमाग्रज, $d 1912-1999.
245 10 $a विशाखा / $c कुसुमाग्रज.

082 04 $a 891.462 $2 23
100 1_ $a शिरवाडकर, वि. वा., $d 1912-1999.
245 10 $a नटसम्राट / $c वि. वा. शिरवाडकर.
```

100 नंतरचा 0 म्हणजे आडनाव नसलेले नाव, 1 म्हणजे आडनावापासून सुरू होणारे. या दोन नोंदी अशाच सोडल्या तर वाचकासाठी त्या दोन वेगळ्या माणसांच्या ठरतील. म्हणून ‘कुसुमाग्रज’ या शीर्षकाच्या अधिकृत नोंदीत 500 क्षेत्रात ‘शिरवाडकर, वि. वा.’ आणि त्यांच्या नोंदीत ‘कुसुमाग्रज’ असे परस्पर निर्देश द्यावे लागतात. हा निर्देश राहून गेला आहे का, हे तपासायला एका नावाने शोध घेऊन पाहावे. दुसऱ्या नावाकडे जाणारी वाट दिसली नाही तर काम अर्धवट आहे.

एएसीआर-२ नंतर २०१० मध्ये आलेल्या आरडीए या नियमसंहितेने बरेच बदलले, पण विद्यार्थ्याने एक फरक नीट पाहिला तरी रोख कळतो. चार लेखकांनी मिळून लिहिलेले पुस्तक घ्या. कार्डावरची जागा मोजकी असण्याच्या काळात घडलेल्या एएसीआर-२ मध्ये तिनाहून जास्त लेखक असले तर मुख्य नोंद ग्रंथनामाखाली जाते आणि लेखकांपैकी पहिल्याचेच नाव येते, बाकीचे ‘व इतर’ मध्ये. आरडीएत पहिल्या लेखकाखाली नोंद होते आणि चौघांचीही नावे देता येतात. चौथ्या लेखकाच्या नावाने शोधणाऱ्याला जुन्या नोंदीतून हे पुस्तक सापडत नव्हते. नव्या नोंदीतून सापडते, अर्थात तालिकाकाराने चौघांची नावे घातली तर. आरडीए ती मुभा देते, सक्ती करत नाही.

संगणकाचा क्रम आणि पद्धतीचा क्रम

शेवटी एक अडचण, जी पुस्तकी अभ्यासात दिसत नाही आणि कामावर रुजू झाल्यावर लगेच समोर येते. यूडीसीचा नियम आहे की व्यापक विषय आधी. 622+669, म्हणजे खाणकाम आणि धातुशास्त्र मिळून, हे नुसत्या 622 च्या आधी लागले पाहिजे. संगणक मात्र अक्षरांच्या क्रमाने लावतो आणि त्याच्या दृष्टीने आखूड अंक आधी, म्हणून 622 पहिले आणि 622+669 नंतर. अवतरणचिन्ह, कंस, अधिक आणि द्विबिंदू यांचा यूडीसीने ठरवलेला क्रमही संगणकाच्या क्रमाशी जुळत नाही. द्विबिंदू पद्धतीच्या चिन्हांनाही हीच अडचण येते. कपाटातला क्रम आणि पडद्यावरची यादी जुळत नाहीत अशी तक्रार आली, की अंक चुकले असे मानण्याआधी प्रणालीत क्रमवारीचे नियम कसे लावले आहेत ते पाहावे. ड्यूईच्या अंकात चिन्हे नाहीत. छोट्या ग्रंथालयांत तिचा इतका प्रसार होण्याचे हेही एक साधे व्यावहारिक कारण आहे.

तेव्हा कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न संग्रह आणि वाचक माहीत नसताना विचारून उपयोग नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात वाचक कपाटापाशी उभा राहून पुस्तक निवडतो. तिथे आखूड अंक आणि प्रकारानुसार शेजार देणारी ड्यूई योग्य. लेखांची बारीक सूची करणाऱ्या संस्थेला यूडीसी. विषय फोडायला शिकायचे असेल तर द्विबिंदू पद्धतीसारखा दुसरा गुरू नाही. हाताशी ड्यूईचे कोष्टक असले तरी आधी रंगनाथन यांच्या पाच प्रश्नांनी विषय फोडून घेतला तर अंक चुकत नाही. आणि पद्धत कोणतीही असो, वर्गांक लिहून झाल्यावर तिने कोणता पैलू विखुरला, हे ओळखून त्यासाठी तालिकेत नोंद केली पाहिजे. क्षयरोगाच्या आपल्या पुस्तकाला ड्यूईत अवयवाची नोंद हवी आणि द्विबिंदूत रोगाची. ती झाली की डॉक्टर आणि क्षयरोग कार्यकर्ता, दोघेही आपापल्या शब्दाने त्याच एका प्रतीपाशी पोहोचतात.